बोलून टाइप केलेला निरोप मध्येच तुटतो? आधी तयारी, मग माइक

बोलून निरोप लिहिणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: 'मी पूर्ण बोललो, पण अर्धंच गेलं.' त्यावर होणारे उपायही ठरलेले. मोठ्याने ओरडायचं, माइकचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचं आणि शेवटी फोनला शिव्या घालायच्या. यातला पहिला उपाय दुखणं वाढवतो, दुसऱ्या उपायामुळे आधी उमटलेला मजकूर विस्कटतो. तिसऱ्याने निदान बरं वाटतं.

हा लेख अँड्रॉइड फोनवर जीबोर्डच्या कळफलकातून मराठीत बोलून व्हॉट्सॲपचा निरोप लिहिणाऱ्यांसाठी आहे. आयफोनचा फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगितला आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक जण थेट पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि अडचण पहिल्या तीनांत असते.

## तुटलेल्या निरोपाचं मराठीतलं वेगळं दुखणं

मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही', 'नको', 'नका' तर त्याच्याही मागे. त्यात बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज आपोआप खाली जातो. म्हणजे जो शब्द सगळ्यात महत्त्वाचा तोच सगळ्यात हळू बोलला जातो, आणि आजूबाजूला गोंगाट असेल तर नेमका तोच बुडतो.

एक उदाहरण घेऊ. एका ऑफिसात रोज चाळीस डबे येतात. शनिवारी माणसं कमी, म्हणून तिथल्या ताईंनी जिन्यात उभं राहून मेसवाल्या काकूंना निरोप बोलून लिहिला. खाली जनरेटर चालू होता. बोलल्या त्या असं:

> शनिवारचे चाळीस डबे नकोत, अठ्ठावीसच पाठवा आणि त्यातले सहा बिनकांद्याचे द्या.

काकूंना पोचलं ते एवढं:

> शनिवारचे 40 डबे

हा निरोप अर्धवट आहे हे काकूंना कळायला काही मार्गच नाही. त्यांच्या दृष्टीने ही नेहमीची ऑर्डर पक्की झाली. तुटलेलं वाक्य तुटल्यासारखं दिसलं तर फारसं बिघडत नाही, कोणीही उलट विचारतं. पण तुटूनही ते पूर्ण दिसतं तेव्हा बारा डबे वाया जातात. पुढचे सगळे टप्पे हाच निरोप डोळ्यांपुढे ठेवून वाचा.

## टप्पा 1 : तुटतंय कशामुळे ते आधी ओळखा

फोन ऐकायचं थांबवतो त्याची मुख्य कारणं तीन, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिलं कारण शांतता. बोलणारा थांबला की यंत्रणा एक घड्याळ सुरू करते. ठरावीक वेळ आवाज आला नाही तर 'यांचं बोलून झालं' असं धरून माइक बंद होतो. 'अठ्ठावीस की तीस?' असा विचार करायला तुम्ही थांबलात की इकडे माइक गेला. यात आधीचा मजकूर स्वच्छ असतो, फक्त पुढचा येत नाही.

दुसरं कारण गोंगाट. आवाज कुठे संपला हे ओळखायला फोन तुमचं बोलणं आणि मागचा आवाज यांतला फरक पाहतो. तो फरक कमी झाला की दोन उलट गोष्टी होऊ शकतात. एक तर तुमचा हळू शब्दही मागच्या आवाजात धरला जातो आणि फोनला वाटतं तुम्ही गप्प आहात. नाहीतर मागचा आवाजच बोलणं समजला जातो आणि फोन ऐकतच राहतो, पण शब्द उमटत नाहीत किंवा भलतेच उमटतात. शेवटचे एक-दोन शब्द विचित्र असतील तर संशय गोंगाटावर घ्या.

तिसरं कारण नेटवर्क. फोनमध्ये मराठी आवाज ओळखण्याची सोय उतरवलेली नसेल तर तुमचा आवाज इंटरनेटवरून जातो आणि अक्षरं परत येतात. लिफ्टमध्ये, तळघरात, गाडीत हा धागा तुटतो. इथे शब्द उशिरा येतात, एकदम घोळक्याने येतात किंवा चूक झाल्याची सूचना दिसते.

तीन चाचण्या करा. एक ठरलेलं वाक्य घ्या, वरचं डब्यांचं चालेल.

- शांत खोलीत, पंखा बंद करून, न थांबता बोला. इथेही तुटलं तर दोष गोंगाटाचा नाही. नेटवर्क, भाषा किंवा परवानगी तपासा.
- त्याच खोलीत वाक्याच्या मध्ये मुद्दाम थांबा आणि मनात आकडे मोजा. माइक कितव्या आकड्याला बंद होतो ते पाहा. ही तुमच्या फोनची सहनशक्ती.
- मग नेहमी जिथे बोलता तिथे जाऊन तेच वाक्य न थांबता बोला. फक्त इथेच तुटत असेल तर कारण ती जागा आहे. आवाज किंवा तिथली रेंज, यांतलं नेमकं काय ते शब्द कसे उमटतात त्यावरून कळेल.

इशारा : हे शांततेचं घड्याळ वाढवायला जीबोर्डच्या सेटिंगमध्ये सोय नाही. स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवून काही जण वाट पाहत बसतात, पण ते घड्याळ वेगळं, हे वेगळं. ॲप बनवणारे जास्त शांततेची मागणी यंत्रणेकडे करू शकतात, पण ती ऐकायची की नाही हे यंत्रणा ठरवते. आयफोनवर ॲपलने सांगितलेली मर्यादा 30 सेकंदांची आहे. तेवढा वेळ गप्प राहिलात की श्रुतलेखन थांबतं.

## टप्पा 2 : फोनची एकदाच करायची तयारी

माइक कोणता ते बघा. व्हॉट्सॲपमध्ये दोन माइक दिसतात. मजकुराच्या चौकटीशेजारचा गोल हिरवा माइक आवाजाची फीत पाठवतो, अक्षरं लिहीत नाही. अक्षरं लिहिणारा माइक कळफलकाच्या वरच्या पट्टीत असतो. तो दिसत नसेल तर जीबोर्डच्या `Settings` मध्ये `Voice typing` उघडा आणि `Use voice typing` चालू करा.

भाषा पक्की करा. जीबोर्डच्या `Languages` मध्ये मराठी जोडलेली हवी आणि बोलायच्या वेळी कळफलक मराठीवर हवा. `Voice typing` खालीही भाषांची यादी असेल तर तिथेही मराठी निवडा. इंग्रजी किंवा हिंदी लागलेली राहिली की मराठी बोलण्याचे भलतेच शब्द होतात आणि माणूस गोंगाटाला दोष देत बसतो. 'शनिवारचे डबे' हे दोन शब्द बोलून पाहिले की लगेच कळतं.

ऑफलाइनची सोय आहे का पाहा. काही फोनमध्ये भाषा उतरवून ठेवता येते. तुमच्या फोनवर त्या यादीत मराठी दिसली तर वाय-फायवर असतानाच उतरवून घ्या. दिसली नाही तर तुमचं बोलून लिहिणं नेटवर्कच्या भरवशावर आहे हे गृहीत धरा आणि लिफ्टमध्ये शिरताना बोलायला सुरुवात करू नका.

परवानगी तपासा. फोनच्या `Settings` मध्ये `Apps`, तिथे `Gboard`, मग `Permissions` आणि `Microphone`. अँड्रॉइड 12 पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत `Mic access` नावाचं बटणही असतं. ते कोणाच्या तरी बोटाने बंद झालं की सगळ्या ॲपचा माइक एकदम मुका होतो.

ब्लूटूथ बंद करा. कानातलं उपकरण डबीत, पर्समध्ये किंवा शेजारच्या खोलीत जोडलेलं राहिलं असेल तर फोन नक्की कुठल्या माइकवरून ऐकतोय याचा भरवसा राहत नाही.

माइकचं भोक शोधा. बहुतेक फोनमध्ये बोलायचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो. फोन उभा धरणाऱ्यांची करंगळी नेमकी त्यावर बसते. कव्हरची कड त्यावर येत नाही ना, पीठ-धूळ बसली नाही ना हे पाहा. साफ करायला कोरडा मऊ ब्रश घ्या. टाचणी अजिबात घालू नका.

तपासणी : माइक दाबल्यावर अँड्रॉइड 12 आणि पुढच्या फोनवर स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. ती आहे तोवर माइक चालू. ती गेली की तुम्ही भिंतीशी बोलताय. बोलताना नजर अक्षरांवर असते आणि ही खूण गेलेली कळतच नाही, म्हणून अधूनमधून तिकडे बघायची सवय लावा.

## टप्पा 3 : जागा आणि अंतर

सगळे गोंगाट सारखे नसतात. पंख्याचा एकसुरी आवाज यंत्रणा बऱ्यापैकी वजा करू शकते. त्रास देतात ते अचानक सुरू होणारे आवाज: मिक्सर, कुकरची शिट्टी, हॉर्न. पण सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या माणसाचं बोलणं. टीव्हीवरची बातमी किंवा एसटी स्टँडवरची उद्घोषणा हेही बोलणंच आहे, ते वजा करायचं म्हणजे कोणाचं ठेवायचं आणि कोणाचं टाकायचं? मग तुमच्या निरोपात 'फलाट क्रमांक चार' शिरतो. टीव्ही लहान आवाजात चालू ठेवून बोलण्यापेक्षा पंख्याखाली बोललेलं परवडलं.

जागा बदलता येत नसेल तर अंतर बदला. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं तर माइकला मिळणारा तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो आणि मागचा गोंगाट तेवढाच राहतो. ओरडून असा फायदा होत नाही. ओरडलं की शब्दांचे उच्चार ताणले जातात, आवाज फाटतो आणि ओळखण्यात चुका वाढतात.

फोनची खालची कड तोंडापासून अर्ध्या वितीवर आणा. अगदी तोंडासमोर नको, गालाच्या बाजूला थोडी तिरकी धरा, नाहीतर 'प', 'फ', 'भ' बोलताना श्वासाचा फटका थेट माइकवर बसतो. गोंगाटाकडे पाठ करा, म्हणजे तुमचं अंगच आडोसा होतं. वारा असेल तर दुसरा तळवा माइकपुढे आडवा धरा, पण भोकावर ठेवू नका.

जिना ही सर्वांची आवडती जागा आणि सगळ्यात फसवी. बाहेरचा आवाज कमी वाटतो, पण उघड्या भिंतींवरून तुमचाच आवाज घुमून परत येतो आणि शब्दांच्या कडा पुसट होतात. पडदे, गाद्या किंवा कपडे असलेली खोली बरी. बंद उभी गाडी तर फारच चांगली.

## टप्पा 4 : बोलण्याआधी वाक्य जुळवा

माइक दाबून मग विचार करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. क्रम उलटा हवा. आधी मनात निरोपाचे तुकडे पाडा, मग माइक.

तुकडा म्हणजे एक छोटं वाक्य, एका श्वासात संपेल एवढं. त्यात एकच गोष्ट. आणि महत्त्वाची कसोटी: तुकडा कुठेही तुटला तरी उलटा अर्थ निघता कामा नये. म्हणून नकार पुढे आणा किंवा तो टाळून जे हवं आहे तेच सांगा.

डब्यांचा निरोप असा जुळवता येतो:

1. 'काकू, शनिवारच्या डब्यांत बदल आहे.'
2. 'फक्त अठ्ठावीस डबे पाठवा.'
3. 'त्यातले सहा बिनकांद्याचे हवेत.'

चाळीस हा आकडा पूर्ण गेला. तो सांगायची गरजच नव्हती. काकूंना तो रोजच माहीत आहे. पहिला तुकडा एकटाच गेला तरी काकू 'काय बदल?' असं विचारतील. दुसरा 'फक्त अठ्ठावीस' इथे तुटला तरी काम भागतं. मूळ वाक्यात मात्र चुकीचा आकडा आधी होता आणि त्याला रद्द करणारा शब्द नंतर.

हेच इतरत्रही लागू होतं. 'मी उद्या सकाळी दहाला बँकेत येणार नाही' याऐवजी 'नाही जमणार उद्या, बँकेत परवा येतो' असं बोला. 'गोळी रात्री देऊ नका' हे तर बोलून लिहूच नये असं माझं मत आहे. औषध, पैसे, पत्ता यांतला नकार बोटांनी टाइप करावा. चार शब्दांनी कोणाची बोटं झिजत नाहीत.

आडनावं, गावांची नावं, 'साडे', 'सव्वा', 'पावणे' हे शब्दही तुकड्याच्या शेवटी ठेवू नका. 'सव्वापाचला या' असं म्हटलं की वेळ आधी येते आणि शेवटी हळू पडलेलं 'या' गेलं तरी बिघडत नाही.

## टप्पा 5 : प्रत्यक्ष बोलणं

1. चौकटीत बोट ठेवून कर्सर जिथे हवा तिथे आहे ना ते पाहा. तो मध्ये असेल तर नवं वाक्य जुन्याच्या पोटात शिरतं. मजकूर निळा निवडलेला असेल तर नवं बोलणं त्याच्या जागी बसतं आणि जुनं जातं.
2. माइक दाबा आणि थांबा. `Speak now` दिसल्यावर बोला. दाबता दाबता बोललात तर 'काकू' जातं आणि निरोप 'शनिवारच्या'पासून सुरू होतो.
3. एक तुकडा सलग बोला. शब्द तोडून, शाळेतल्या शुद्धलेखनासारखे बोलू नका. मधल्या प्रत्येक शांततेत घड्याळ चालू होतं आणि सुटे शब्द ओळखायला संदर्भही मिळत नाही.
4. शेवटचा शब्द मुद्दाम पहिल्याइतकाच ठळक बोला. सुरुवातीला जरा नाटकी वाटेल.
5. बोलून झाल्यावर माइक स्वतः दाबून बंद करा. आपोआप बंद व्हायची वाट पाहिली की तेवढ्या वेळात शेजारच्याचं बोलणंही लिहिलं जातं.
6. क्षणभर अक्षरांकडे बघा. बोलताना दिसणारे शब्द कच्चे असतात, वाक्य संपल्यावर मागून दुरुस्त होतात. ती दुरुस्ती व्हायच्या आत पाठवायचा बाण दाबला तर शेवटचा शब्द मागे राहू शकतो.
7. पूर्णविराम हाताने द्या आणि पुढचा तुकडा घ्या.

इशारा : बोलत असताना फोन आला की माइक त्या कॉलकडे जातो. कॉल संपल्यावर श्रुतलेखन आपोआप पुढे चालू होईल असं धरू नका. परत येऊन पहिल्यांदा हिरवी खूण पाहा.

## टप्पा 6 : मध्येच तुटलं तर

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. माइक पुन्हा दाबून 'अठ्ठावीसच पाठवा' असं राहिलेलं शेपूट बोलतात. नव्याने माइक दाबला की आधीचा आवाज त्या ऐकण्यात नसतो. नुसतं शेपूट कशाचं आहे हे ओळखायला आधार उरत नाही. अर्धा शब्द आधीच उमटला असेल तर त्याला दुसरं अर्धं चिकटून तिसराच शब्द तयार होतो.

योग्य क्रम असा:

1. पाठवायच्या बाणापासून अंगठा लांब.
2. हिरवी खूण आहे का पाहा. असेल आणि शब्द येत नसतील तर कारण गोंगाट किंवा नेटवर्क. नसेल तर बहुतेक शांततेचं घड्याळ.
3. शेवटच्या पूर्ण वाक्यापर्यंत मागे पुसा. चांगले दिसणारे दोन शब्दही ठेवू नका.
4. कारण गोंगाट असेल तर आधी जागा किंवा अंतर बदला. त्याच जागी तेच वाक्य परत बोलून निकाल बदलत नाही.
5. कर्सर शेवटी आणा आणि ते वाक्य सुरुवातीपासून बोला.
6. दुसऱ्यांदाही त्याच ठिकाणी तुटलं तर तेवढं वाक्य टाइप करा.

## टप्पा 7 : पाठवण्याआधीची आणि नंतरची नजर

पूर्ण निरोप वाचत बसायचा कंटाळा येतो हे खरं. मग निदान शेवटून सुरुवातीकडे नजर फिरवा: प्रत्येक वाक्याला क्रियापद आहे का, आकडे बरोबर आहेत का, 'नाही' आणि 'नको' जागेवर आहेत का. सुरुवातीपासून वाचलं की डोळा आपल्या मनातलं वाक्य वाचतो, स्क्रीनवरचं नाही.

तुटलेला निरोप गेलाच, तर व्हॉट्सॲपवर तो 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो: निरोपावर बोट दाबून ठेवा आणि `Edit` निवडा. पण इथे एक खोच आहे. दुरुस्तीची नवी सूचना समोरच्याला वाजत नाही. काकूंनी आधीचा निरोप वाचून फोन ओट्यावर ठेवला असेल तर तुमची दुरुस्ती तशीच पडून राहील. म्हणून काम महत्त्वाचं असेल तर दुरुस्ती करा आणि खाली वेगळा निरोपही टाका: 'वरचा निरोप अर्धा गेला होता, शनिवारी फक्त 28 डबे.' साध्या एसएमएसमध्ये दुरुस्तीची सोयच धरू नका, तिथे थेट दुसरा निरोप पाठवा.

## लांब मजकूर असेल तर

सोसायटीच्या सभेचा वृत्तांत किंवा पानभर अर्ज व्हॉट्सॲपच्या चौकटीत बोलून लिहू नये. संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, `Tools` मधून `Voice typing` घ्या आणि यादीतून मराठी निवडा. तिथेही दुसऱ्या टॅबवर गेलात की ऐकणं थांबतं, म्हणून कागद बघायचा असेल तर तो छापून शेजारी ठेवा.

आणि जागा खरोखरच वाईट असेल, म्हणजे धावती लोकल, लग्नाचा हॉल किंवा जनरेटरशेजारची खोली, तर अक्षरांचा नाद सोडा आणि व्हॉट्सॲपच्या हिरव्या माइकने आवाजच पाठवा. माइक दाबून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं आणि बोट न धरता बोलता येतं. कुलूप न लावता बोट सुटलं तर अर्धीच फीत जाते. या ध्वनिमुद्रणाला गप्प राहिल्याची शिक्षा नाही. आकडा आठवायला थांबलात तरी चालतं, आणि गोंगाटातलं माणसाचं बोलणं उलगडायला माणसाचा कान फोनपेक्षा बराच तयार असतो. फक्त तो 28 चा आकडा खाली टाइप करून पाठवा, कारण काकू ती फीत ऐकतील तेव्हा त्यांच्याकडेही मिक्सर चालू असेल.